मामाचे दुकान आणि भाच्याची डाळगिरणी

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची पदवी हाती घेऊन सेलू, मानवत, जिंतूरसारख्या गावी परतलेल्या आणि नोकरीचा मार्ग न दिसणाऱ्या तरुणाला घरची मंडळी बहुधा एकच सल्ला देतात : मामाच्या किराणा दुकानात बस. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. एका गल्ल्यावर दोन संसार चालत नाहीत. मात्र त्या दुकानाकडे एक भांडवल असते, ते म्हणजे आसपासच्या खेड्यांतील ओळखीचे गिऱ्हाईक. हेच गिऱ्हाईक तूर पिकवते, ती बाजारात विकते आणि पुढे त्याच दुकानातून डाळ विकत घेते.

या दोन व्यवहारांच्या मध्ये छोट्या डाळगिरणीला जागा आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल अशाच कामासाठी आहे. तूर विकत घेऊन डाळ विकण्याचा मोह मात्र आरंभी टाळावा. त्यात पैसा अडकतो आणि भाव उतरला की बुडतो. शेतकऱ्याची तूर मजुरीवर भरडून द्यावी. दुकानात पोते वजन करून घ्यावे, पावती द्यावी आणि तयार डाळ तेथूनच परत करावी.

तुरीची साल दाण्याला घट्ट चिकटलेली असते. म्हणून आधी चाळून दाणे सारख्या आकाराचे करतात. पहिल्या फेरीत सालीवर ओरखडे पाडतात, किंचित तेल चोळून ढीग मुरू देतात, मग पाणी शिंपडून दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात आणि नंतरच भरडतात. डाळीवर साल राहिली, तर मुरवण किंवा वाळवण कमी पडली असे समजावे. चुणी वाढली, तर चाळणी नीट झाली नाही किंवा रोलर जास्त घासतो आहे. क्विंटलमागे 70 किलोंच्या आसपास डाळ उतरली तर काम समाधानकारक. त्याहून बरीच कमी पडली, तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

समजा, मजुरी किलोला 8 रुपये ठरली, रोज 2 क्विंटल काम मिळाले आणि ते 100 दिवस चालले, तर 1 लाख 60 हजार रुपये जमा होतात. त्यातून वीज, तेल, मदतनीस आणि हप्ता वजा जातो. पावसाळ्यात वाळवण होत नाही, म्हणून दिवस 100 च धरलेले बरे. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान ठरले होते. पण ते कर्जाशी जोडलेले आणि तीन वर्षे बँकेतच राखून ठेवलेले. तेव्हा असे अनुदान मिळाले तरी हप्त्याचा हिशेब त्याच्याविनाच मांडावा.

उरतो नात्याचा प्रश्न. पोत्यामागे दुकानाला किती द्यायचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहावे. दुकानाची उधारी आणि गिरणीची मजुरी एका पानावर आली, की मामा-भाच्यांत बोलणे बंद व्हायला एक हंगाम पुरतो.