अर्धशिशी, फीवरफ्यू आणि आलं

फीवरफ्यू ही शेवंतीच्या कुळातली वनस्पती. तिच्या कॅप्सूल घेतल्यावर अर्धशिशीचे झटके कमी होतात, हे खोटं नाही. पण त्याचं श्रेय वनस्पतीला किती द्यायचं? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १७० रुग्ण होते. त्यांना महिन्याला सरासरी पावणेपाच झटके येत. फीवरफ्यूचा अर्क घेणाऱ्यांचे झटके १.९ने घटले, औषध नसलेली, फक्त तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांचेही १.३ने घटले. म्हणजे खरा फायदा दोन महिन्यांत जेमतेम एका झटक्याचा. तोही विशिष्ट पद्धतीने काढलेल्या अर्काचा. वाळल्या पानांच्या पुडीकडून तेवढीही हमी नाही.

आल्याची गोष्ट आणखी साधी. ब्राझीलमध्ये तीन महिने रोज आल्याच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. झटके टाळण्यात त्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मळमळीवर आल्याचा चहा जरूर घ्यावा, एवढंच.

खरी काळजी गर्भवतींची. फीवरफ्यूमुळे गर्भाशय आकुंचन पावण्याची शक्यता असल्याने गरोदरपणात ते घेऊच नये. पाळी दहा दिवस चुकल्यावर कॅप्सूल थांबवणाऱ्या बाईच्या पोटात तोवर गर्भ रुजलेला असतो. म्हणून मूल हवं असेल तर आधीच बंद करावं; मात्र अनेक महिने घेतलेलं फीवरफ्यू एकदम सोडल्यास डोकेदुखी उसळू शकते, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. स्वयंपाकातल्या आल्याला हरकत नाही. पाचव्या महिन्यानंतर नव्याने डोकं ठणकू लागलं, तर मात्र काढा करत बसू नये; त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यावा.