आदराला गुण किती?



ब्रह्मपुरीच्या एका शाळेत नववीच्या वर्गासाठी 'जगातील एक धर्म' या विषयावर गटसादरीकरणे होती. परीक्षक म्हणून मी आणि आणखी एक शिक्षक असे दोघे होतो. पाच मुलांच्या एका गटाने बौद्ध धर्म निवडला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली धम्मदीक्षा आणि लगेच 16 ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात झालेला दीक्षा-समारंभ मुलांनी अचूक सांगितला. मग हात जोडून एक मुलगा म्हणाला, "भगवान बुद्ध हे विष्णूचे नववे अवतार होत." टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेतील एका बौद्ध मुलीने मात्र मान खाली घातली.

आमच्या गुणतक्त्यात संशोधनाला 6, अचूकतेला 8 आणि आदरयुक्त मांडणीला 6 असे एकूण 20 गुण होते. मी या गटाला 17 दिले. आदराचे तर पूर्ण 6! घरी परतल्यावर ती झुकलेली मान डोळ्यांसमोरून हलेना. उद्या कोणी आपल्यासमोर नम्रपणे म्हणाले, की भगवान महावीरांनी जैन धर्माची स्थापना केली, तर आपल्याला काय वाटेल? महावीर चोविसावे तीर्थंकर; त्यांच्या आधी तेवीस झाले, ही आपली धारणा. बोलणाऱ्याची नम्रता ती चूक भरून काढत नाही.

दोष मुलांपेक्षा तक्त्याचा अधिक होता. त्यात 'आदर' एवढाच शब्द लिहिलेला होता. त्याचा अर्थ मी 'स्तुती' असा केला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी प्रत्येक निकषापुढे कानांनी ऐकता येईल आणि डोळ्यांनी दिसेल असेच वर्णन लिहिले.

संशोधनात आता निदान एक आधार त्या धर्माच्या स्वतःच्या परंपरेतला हवा. एक अभ्यासकाचा हवा. आणि कोणते विधान कोठून घेतले हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे. अचूकतेत तपशिलाची चूक आणि मूळ श्रद्धेविषयीची चूक वेगळी मोजायची. तारीख चुकली तर एक गुण जाईल. परंतु अनुयायी जे मानत नाहीत ते त्यांच्या माथी मारले, तर 8 पैकी 4 हून अधिक गुण नाहीत. आदराच्या निकषात तीन गोष्टी पाहायच्या: त्या लोकांना ते स्वतः वापरतात त्या नावाने संबोधले का, 'बौद्ध असे मानतात' अशा रीतीने श्रद्धा ज्याची त्याच्याकडे ठेवली का, आणि दुसऱ्या धर्माच्या मोजपट्टीने उच्च-नीच ठरवणे टाळले का.

नव्या तक्त्याने तेच सादरीकरण पुन्हा तपासले. मुलांचे आधार म्हणजे पाठ्यपुस्तक आणि लेखकाचे नाव नसलेली दोन छापील पाने. म्हणून संशोधन 2. अवताराच्या विधानामुळे अचूकता 4. हेटाळणी कोठेही नव्हती, पण श्रद्धा कोणाची हे सांगितलेले नव्हते. म्हणून आदर 3. एकूण 9. अचूकतेतली चूक संशोधनाच्या उणिवेतून आली होती, हेही त्या आकड्यांत स्पष्ट दिसले.

मुलांना आठवडाभराचा अवधी दिला. ती विहारात गेली. तेथील ज्येष्ठ उपासकांनी त्यांना बावीस प्रतिज्ञा वाचायला दिल्या. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या त्या प्रतिज्ञांपैकी एकीत बुद्धांना विष्णूचा अवतार मानण्यास स्पष्ट नकार आहे. दुसऱ्या वेळी मुले म्हणाली, "वैष्णव परंपरेत बुद्धांना अवतार मानले जाते, बौद्ध उपासक मात्र ते नाकारतात." कोणाचाही अवमान नाही आणि दोन्ही विधाने खरी. या वेळी संशोधन 5, अचूकता 7, आदर 4, असे 16 गुण झाले. 'आम्ही आणि ते लोक' असा सूर एकदा डोकावल्याने आदरात दोन गुण गेले.

गटाचे गुण सर्वांना सारखे द्यायचे, की ज्याने काम केले त्याला वेगळे? आम्ही प्रत्येक मुलाला त्याने न मांडलेल्या भागावर एक प्रश्न विचारतो. ज्याला उत्तर येत नाही त्याचे दोन गुण कमी होतात. दोघे परीक्षक आधी स्वतंत्रपणे गुण लिहितात. एखाद्या निकषात दोनहून अधिक गुणांचा फरक पडला, तर मध्यबिंदू न काढता त्या निकषाचे वर्णन पुन्हा वाचतो. बहुधा तेच संदिग्ध निघते.

एक पथ्य मात्र तक्त्याबाहेरचे आहे. वर्गात त्या धर्माचे मूल असेल, तर "हे बरोबर आहे का?" असे त्याला सर्वांसमोर विचारायचे नाही. आपल्या धर्माचा वकील होण्याचे ओझे चौदा वर्षांच्या मुलावर टाकू नये. त्या मुलीला आम्ही काहीही विचारले नाही. दुसरे सादरीकरण संपल्यावर तिनेच हात वर केला आणि चंद्रपूरच्या त्या दिवसाची आपल्या आजोबांकडून ऐकलेली आठवण सांगितली. तिला गुण द्यायचे नव्हते. आम्ही केवळ ऐकत होतो.