अक्कांना काय विचारायचं?

भाचीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी दहा मिनिटांचा माहितीपट करायचे ठरवले. विषय पाणीटंचाई, गाव अथणी तालुक्याच्या पूर्वेकडचे. घरात मीच काय तो वीस वर्षे लोकांच्या मुलाखती घेत हिंडलेला, म्हणून प्रश्नांचा कागद तिने माझ्यापुढे ठेवला. "मामा, एवढं बघ. उत्तरं अशी यायला हवीत की ऐकणाऱ्याच्या काळजाला लागली पाहिजेत."

कागदावर बावीस प्रश्न होते. पहिला, 'तुमच्या गावात पाण्याची टंचाई आहे का?' शेवटचा, 'तुम्हाला कसं वाटतं?' मी म्हटले, "हा कागद घेऊन आधी एकदा जाऊन ये." ती गेली आणि संध्याकाळी तोंड पाडून परत आली. पहिल्याचे उत्तर मिळाले होते, "हाय की." शेवटच्याचे, "काय वाटायचं? सवय झालीया." दीड तास चित्रण केले, पण त्यातला वापरण्याजोगा अर्धा मिनिटही नव्हता.

मग आम्ही कागद पुन्हा लिहायला बसलो.

पहिली गोष्ट अशी की माहितीपटात विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा कापला जातो. उरते ते फक्त उत्तर. "होय, त्यामुळंच तर" हे वाक्य प्रश्नाशिवाय लंगडे पडते. म्हणून हो-नाहीने संपेल असा एकही प्रश्न ठेवायचा नाही. 'टंचाई आहे का' याऐवजी आम्ही लिहिले, 'टँकर यायच्या दिवशी उठल्यापासून काय काय होतं, ते सांगा.' उत्तर आपोआप "टँकर यायचा असला की मी तीनला उठते" असे सुरू होते आणि ते एकटे उभे राहते. पडद्यावर एका माणसाचे बोलणे सलग दहा ते वीस सेकंद चालते, म्हणजे वीस-चाळीस शब्द. आपल्या मराठीत आणि कन्नडातही क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाक्य मध्येच तोडता येत नाही. लांबलचक प्रश्नाला लांबलचक उत्तर आले की संकलकाची कात्री अडते. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी.

दुसरी गोष्ट शब्दांची. 'टंचाई' हा शब्द वर्तमानपत्राचा आहे, अक्कांचा नव्हे. त्या म्हणतात 'नीरिन तोंदरे'. जो शब्द त्यांच्या तोंडी आहे तोच आपल्या प्रश्नात हवा, नाहीतर उत्तरही पुस्तकी येते. या अक्का भाचीशी मराठी बोलत होत्या, पण सासूबाईंचा विषय निघाला की नकळत कन्नडात शिरायच्या. पहिल्या खेपेला भाचीने त्यांना दोनदा मराठीत ओढून आणले आणि दोन्ही वेळा बोलणे थंडावले. मी सांगितले, जिथे भाषा बदलते तिथेच मन उघडते. बोलू द्यावे, खाली अक्षरे टाकता येतात.

तिसरी गोष्ट, 'कसं वाटतं' हा प्रश्न कागदावरून काढून टाकला. भावना विचारून मिळत नाही, ती एखाद्या वस्तूला किंवा प्रसंगाला चिकटून येते. म्हणून विचारायचे ते घागरीबद्दल, रांगेबद्दल, राखून ठेवलेल्या शेवटच्या बिंदगीबद्दल. अखेर सहाच प्रश्न उरले. पहिले दोन सोपे: घरात माणसे किती, आणि टँकरच्या दिवसाची हकीकत. तिसरा, 'घरात शेवटची एकच घागर उरली तर ती कशाला वापरता?' चौथा, 'पाण्याच्या रांगेत भांडण झालं तो दिवस सांगा.' पाचवा, 'या उन्हाळ्यात पाण्यामुळं काय करायचं राहून गेलं?' सहावा पुन्हा हलका, 'पहिला पाऊस पडला की आधी काय कराल?' जड प्रश्नावर मुलाखत संपवून माणसाला तसेच सोडून उठू नये, यासाठी हा सहावा.

आणखी दोन सूचना दिल्या. आधी कॅमेऱ्याशिवाय भेटायला जाशील तेव्हा फक्त वेळा, अंतरे, घागरींची संख्या विचार. पाचवा प्रश्न काढू नकोस. एकदा सांगून झालेली गोष्ट माणूस दुसऱ्यांदा "मघाशी सांगितलं तसं" म्हणून उरकतो. आणि उत्तर संपले असे वाटले की मनात पाच अंक मोज. 'हं हं' करू नकोस, ते ध्वनिमुद्रणात पडते. नुसती मान हलव. खरे वाक्य बहुधा त्या शांततेनंतर येते.

दुसऱ्या खेपेला मी सोबत गेलो. पहिल्या खेपेची एक अडचण भाचीने सांगितली नव्हती, ती तिथे कळली. अक्कांना प्रश्न विचारला की शेजारचे एक काका उत्तर देत. बाई गप्प. काकांना गप्प करणे बरे दिसत नाही. मग मी त्यांना म्हटले, "काका, ती आटलेली बोअर दाखवा की मला," आणि दुसरा कॅमेरा घेऊन त्यांच्यासोबत गेलो. बोअर किती फूट, कुठल्या साली आटली, टँकर आठवड्यात किती वेळा, हे सारे त्यांनी उत्तम सांगितले. 2019 च्या उन्हाळ्यात कृष्णा कोरडी पडली होती आणि कर्नाटकाने महाराष्ट्राकडे कोयनेचे पाणी मागितले होते, तीही आठवण त्यांनीच काढली. आकडे त्यांच्याकडून मिळाले, ते अक्कांना विचारायची गरज राहिली नाही.

इकडे भाची पाचव्या प्रश्नावर पोचली होती. नंतर मी ते चित्रण पाहिले. अक्का म्हणाल्या, "काय न्हाई, गोधड्या धुवायच्या राहिल्या." भाची गप्प राहिली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत अक्का कन्नडात बोलल्या. लेकीचे पहिले बाळंतपण होते. माहेरी आणायचे ठरले होते. बाळंतिणीला न्हाणीला कढत पाणी लागते, लंगोट रोज धुवायचे असतात. "नीर बंदिल्ल," त्या म्हणाल्या. पाणी आले नाही, म्हणून मी लेकीला बोलावलेच नाही. सारे मिळून सोळा सेकंद.

भाची परतीच्या वाटेवर खुशीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन आला. लेकीच्या सासरी कारण वेगळे सांगितले होते. "बाई, ते तेवढं लेकीचं काढ."

भाची माझ्याकडे बघत राहिली. तोंड न दाखवता नुसता आवाज ठेवला तर, असे तिने विचारून पाहिले. मी म्हटले, पंधरा मैलांवर सासर आहे, आईचा आवाज कोण ओळखणार नाही? कॅमेऱ्यासमोर दिलेली संमती ही प्रश्न ऐकण्याआधीची असते. उत्तर देऊन झाल्यावर पुन्हा विचारायला हवे होते, 'यातलं काही ठेवू नको असं वाटतं का?' हा सातवा प्रश्न मीच कागदावर लिहायला विसरलो होतो.

ती सोळा सेकंदे काढली. त्यांच्या जागी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बसले. शेवटची घागर कशाला वापरता? अक्का म्हणतात, "ती वापरत न्हाई. झाकून ठेवते. कोण पाव्हणा दारात आला तर तांब्या रिकामा द्यायचा व्हय?"

प्रकल्प कॉलेजात दाखवला तेव्हा या वाक्याला सभागृह शांत झाले. भाचीने नव्या कागदावर सातवा प्रश्न आता पहिल्याच ओळीत लिहून ठेवला आहे.