पाठवलेले बिल पुन्हा उघडायचे नाही

टॅली, बिझी, मार्ग, व्यापार. पॅकेज कोणतेही असो, टॅक्स इन्व्हॉइस काढून त्याची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकायला आता मिनिटभरही लागत नाही. म्हणूनच एक साधी गोष्ट नजरेआड झाली आहे: पीडीएफ गिऱ्हाइकाच्या फोनवर पोहोचली की ते बिल ‘दिले’ गेलेले असते. त्यानंतर संगणकावर तेच बिल उघडून त्यात खाडाखोड करण्याचा हक्क दुकानदाराला उरत नाही, आणि त्याच्या हिशेबनिसालाही उरत नाही. छापील बिलबुकाच्या काळात हे कोणाला सांगावे लागत नव्हते. वरची प्रत फाडून दिली की खालच्या कार्बन प्रतीत कोणी आकडे बदलत नसे. सॉफ्टवेअरमध्ये ‘अल्टर’ किंवा ‘एडिट’ एका कळीवर असल्यामुळे तो संकोच गेला. महिनाअखेरीस ताळा न जुळण्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच कळीत सापडते. या अंकात त्याचे एकच उदाहरण नीट उलगडून पाहू. ते सुरगाण्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यातले घेतले आहे, कारण अशी चूक तिथे लवकर होते आणि उशिरा दिसते.

सुरगाणा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आहे. पलीकडे गुजरातचा डांग. बोरगाव-हातगडवरून सापुतारा, पुढे आहवा, वघई. इथल्या दुकानदाराचे काही गिऱ्हाईक महाराष्ट्रातले, तर काही गुजरातचे. समजा, सुरगाण्याच्या एका पाइप-हार्डवेअर दुकानदाराने जानेवारीत वघईच्या नोंदणीकृत ठेकेदाराला ४०,००० रुपयांचे पीव्हीसी पाइप विकले आणि स्वतःच्या पिकअपने वघईला पोहोचवले. एचएसएन ३९१७, दर १८ टक्के. माल वघईला जाऊन उतरतो, म्हणून पुरवठ्याचे ठिकाण गुजरात. दुकानदाराचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, ठेकेदाराचा २४ ने. कर एकच लागायला हवा: आयजीएसटी ७,२०० रुपये. पण पार्टीचे लेजर घाईत उघडताना राज्याच्या रकान्यात सॉफ्टवेअरने आपणहून भरलेले ‘महाराष्ट्र’ तसेच राहिले. बिलावर सीजीएसटी ३,६०० आणि एसजीएसटी ३,६०० असे पडले, पीडीएफ निघाली आणि ठेकेदाराला गेली.

ही चूक पकडायला अवघड का, ते पाहण्यासारखे आहे. बरोबर बिल असो वा चुकीचे, खालची बेरीज ४७,२०० रुपयेच येते. दुकानदार बेरीज पाहतो, ठेकेदार बेरीज पाहतो, ड्रायव्हर तर फक्त नग मोजतो. रक्कम ५०,००० च्या आत असल्याने ई-वे बिलही लागत नाही. ते काढावे लागले असते तर राज्याचा रकाना आणखी एकदा डोळ्यांखालून गेला असता. पोर्टलही अडवत नाही. जीएसटीआर-१ मध्ये गिऱ्हाइकाचा नंबर २४ चा आणि पुरवठ्याचे ठिकाण २७-महाराष्ट्र अशी नोंद स्वीकारली जाते, कारण काही व्यवहारांत तसे खरोखरच असू शकते. चूक उघडी पडते ती पुढच्या महिन्याच्या १४ तारखेच्या सुमारास, ठेकेदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये. पुरवठादार आणि पुरवठ्याचे ठिकाण एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्या राज्यात, असे असले की ते बिल तिथे ‘क्रेडिट उपलब्ध नाही’ या भागात जाऊन बसते. मग वघईहून फोन येतो.

इथे दोन वाटा फुटतात. बहुतेक ठिकाणी चुकीची वाट धरली जाते. दुकानात बिल उघडले जाते, लेजरमध्ये राज्य ‘गुजरात’ केले जाते, सॉफ्टवेअर क्षणात आयजीएसटी ७,२०० दाखवते आणि त्याच क्रमांकाची, त्याच तारखेची नवी पीडीएफ रवाना होते. दुकानदाराला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात एका क्रमांकाची दोन वेगवेगळी बिले आता जगात आहेत आणि पहिले परत घेण्याचा काही मार्ग नाही. ते पाठवल्याच्या वेळेसह ठेकेदाराच्या फोनमध्ये आहे. शासनाकडे गेलेले विवरण पहिल्या बिलाप्रमाणे आहे, दुकानातली वही दुसऱ्याप्रमाणे. लेजरमध्ये केलेला बदल काही पॅकेजांत त्या पार्टीच्या जुन्या बिलांवरही उतरतो. म्हणजे डिसेंबरची बिले आज पुन्हा छापली तर ती डिसेंबरात दिली होती तशी निघतीलच, याची खात्री राहत नाही. आपल्याकडे आलेल्या फाइलमध्ये असे झाले आहे का, हे ओळखायचा उपाय सोपा आहे: गिऱ्हाइकाच्या फोनवरची पीडीएफ मागवा आणि सॉफ्टवेअरमधून आज काढलेल्या प्रतीशेजारी ठेवा. बेरीज पाहू नका, कराच्या ओळी पाहा.

‘सॉफ्टवेअर करू देते, म्हणजे चालते’ हा युक्तिवाद आपल्या व्यवसायातही ऐकू येतो. सीजीएसटी नियम ५६ चा आठवा उपनियम त्याला सरळ उत्तर देतो. कोणतीही नोंद पुसायची नाही, तिच्यावर लिहायचे नाही; कारकुनी स्वरूपाच्या चुका सोडून चुकीची नोंद रेघ मारून, सही करून रद्द करायची आणि बरोबर नोंद त्यानंतर करायची. हिशेब संगणकावर असेल तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवायचा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला तेव्हा पुष्कळांनी ‘आमची कंपनी नाही’ म्हणून तो विषय बाजूला ठेवला. पण जीएसटीचा हा नियम कंपनी आणि किराणा दुकान असा भेद करत नाही. तेव्हा पॅकेजमध्ये एडिट लॉगची सोय असेल तर ती चालू ठेवावी आणि बिल पाठवले की त्या तारखेपर्यंतच्या नोंदींना कुलूप लावावे.

बरोबर वाट फार लांबची नाही. चूक माल निघण्यापूर्वी, पण पीडीएफ गेल्यानंतर लक्षात आली तर ते बिल ‘रद्द’ करायचे, खोडून टाकायचे नाही. क्रमांक तसाच राहतो, नव्या बिलाला पुढचा क्रमांक मिळतो आणि जीएसटीआर-१ च्या तेराव्या तक्त्यात रद्द बिलांच्या रकान्यात जुना क्रमांक मोजला जातो. हा रकाना मुळात आहेच यासाठी. तिथे कायम शून्य असणे हे नीटनेटकेपणाचे लक्षण मानू नये. वघईच्या उदाहरणात माल पोहोचला आहे आणि विवरणही भरले गेले आहे. म्हणून मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख लिहून पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढायची, आयजीएसटीचे नवे बिल नव्या क्रमांकाने द्यायचे आणि दोन्हींच्या पीडीएफ एकत्र पाठवायच्या. एकटे नवे बिल गेले तर ठेकेदाराच्या वहीत खरेदी ८०,००० ची दिसेल. करासाठी क्रेडिट नोट विवरणात दाखवायची मुदत ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांतली जी आधी येईल ती. ती टळली तरी दार पूर्ण बंद होत नाही: चुकीच्या शीर्षाखाली भरलेला कर परत मागण्याची आणि बरोबर शीर्षाखाली व्याजाशिवाय भरण्याची तरतूद सीजीएसटीच्या कलम ७७ आणि आयजीएसटीच्या कलम १९ मध्ये आहे. मात्र आधी पैसे भरायचे आणि मग परताव्याची वाट पाहायची, हे लहान दुकानाला जड जाते.

यावर खरा आक्षेप कायद्याचा नाही, दुकानातल्या गर्दीचा आहे. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक दिवसात तीनदा नग बदलते, दर घासाघीस करते. प्रत्येक वेळी क्रेडिट नोट काढत बसलो तर धंदा कधी करू? ही अडचण खरी आहे, पण तिचे कारण वेगळे आहे. दर कळवण्यासाठी टॅक्स इन्व्हॉइसचीच पीडीएफ पाठवण्याची सवय लागली आहे. जवळजवळ प्रत्येक पॅकेजात कोटेशन किंवा एस्टिमेट वेगळे काढता येते. त्याला बिलाच्या मालिकेतला क्रमांक लागत नाही, ते दहादा बदलले तरी कोणाचे काही बिघडत नाही आणि सौदा ठरला की त्याचेच बिल करता येते. मालाचे बिल माल निघताना किंवा त्याआधी द्यायचे असते. चार दिवस आधीच काढून ठेवावे असे बंधन नाही. घासाघीस कोटेशनवर होऊ द्यावी आणि पिकअप भरताना बिल काढावे. आपल्या अशिलांना आपण एवढे जरी लावून दिले तरी एडिटचा मोह बराच कमी होईल. नावातल्या वेलांटीसारखी चूक मात्र कारकुनी आहे. तिच्यासाठी क्रेडिट नोटचा आग्रह धरू नये; दुरुस्त प्रत पाठवून माग ठेवला की पुरे.

काउंटरवरच्या बिननोंदणी गिऱ्हाइकाबाबत सीमेवर वेगळी दक्षता लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा विक्रीत बिलावर लिहिलेला पत्ता हेच पुरवठ्याचे ठिकाण धरले जाते, आणि नुसते राज्याचे नाव लिहिले तरी तो पत्ता समजला जातो. पत्ता लिहिलाच नाही तर दुकानाचे ठिकाण. म्हणजे आहव्याच्या शेतकऱ्याने बोरगावच्या दुकानातून रोखीने फवारणी पंप नेला आणि बिलावर ‘गुजरात’ पडले, तर आयजीएसटी. काहीच पडले नाही, तर सीजीएसटी-एसजीएसटी. ५०,००० किंवा त्याहून मोठ्या बिलावर पत्ता लिहावाच लागतो. कॉम्पोझिशनमधल्या दुकानदाराला तर राज्याबाहेर मालाचा पुरवठा करताच येत नाही आणि तो टॅक्स इन्व्हॉइसही देत नाही, बिल ऑफ सप्लाय देतो. त्याच्या कागदावर एका क्लिकने आलेले ‘गुजरात’ त्याला योजनेबाहेर काढू शकते. म्हणून राज्याचा रकाना आपोआप भरला जाऊ न देता रिकामा ठेवणे आणि भरल्याशिवाय बिल पुढे जाऊ न देणे, ही मांडणी सॉफ्टवेअर बसवतानाच करून घ्यावी.

उरला प्रश्न पीडीएफच्या फाइलचा. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. त्यात तिरकी रेघ चालते, पण विंडोजच्या फाइलनावात ती चालत नाही आणि सॉफ्टवेअर तिथे भलतेच काही घालते. त्यापेक्षा `SG-25-26-0148` असा आडव्या रेघांचा क्रमांक ठेवला तर फाइलही `SG-25-26-0148.pdf` याच नावाने जतन होते आणि फोनमध्ये शोधता येते. पाठवलेली प्रत्येक फाइल महिन्यावार फोल्डरमध्ये, संगणकावर आणि बाहेरच्या ड्राइव्हवर, जशी गेली तशी ठेवावी. गरज पडली की सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढू, असे म्हणू नये. वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचा असतो, आणि व्हॉट्सअॅपमधल्या फाइली फोन बदलला की जाऊ शकतात. मालासोबत मात्र कागदच द्यावा. नियम ४८ प्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात आणि दुसरी वाहतूकदाराची. घाटात रेंज गेली की डाउनलोड न केलेली पीडीएफ ड्रायव्हरच्या फोनवर उघडत नाही, आणि तपासणी अधिकारी गाडी नेमकी तिथेच थांबवू शकतो.