‘सगळेच विकतात’ म्हणणाऱ्या वक्त्यांस

बेळगाव-निपाणी परिसरातील शालेय वादविवादांचे परीक्षण करताना दोन युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकतो आणि त्यांवर टाळ्या पडतानाही पाहतो. या टाळ्यांना आमचा आक्षेप आहे.

विषय घ्या : ‘शाळेजवळील तंबाखूविक्री बंद व्हावी’. केंद्राच्या २००३च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत अशी विक्री निषिद्ध ठरवली आहे. विरोधी वक्ता उठतो आणि म्हणतो, ‘सगळेच टपरीवाले विकतात, मग एकालाच दोष का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न गुंतले आहेत. विक्री योग्य आहे काय, हा पहिला. आणि दंड सर्वांना सारखा होतो काय, हा दुसरा. पुष्कळजण एखादी गोष्ट करतात, एवढ्याने ती योग्य ठरत नाही; म्हणून पहिल्या प्रश्नाला हे उत्तर लागू नाही. मात्र एकाच टपरीवर कारवाई होऊन शेजारची सुटत असेल, तर ती पक्षपाताची रास्त तक्रार आहे. तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र ‘सर्वांवर कारवाई करा’ असा आहे, ‘विक्री चालू द्या’ असा नव्हे.

दुसरा युक्तिवाद घसरणीचा : ‘आज टपरी हटवाल, उद्या विडी बंद कराल, परवा निपाणीचा तंबाखू उत्पादक देशोधडीला लावाल.’ तंबाखूच्या भावासाठी १९८१मध्ये निपाणीत शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन आणि त्यात झालेला गोळीबार ज्या गावाच्या स्मरणात आहे, तिथे या भीतीची थट्टा आम्ही करणार नाही. पण भीती म्हणजे पुरावा नव्हे. घसरण सिद्ध करायची, तर एका पायरीवरून दुसरीवर ढकलणारे कारण दाखवावे लागते. २००३नंतर निर्बंध वाढले, हे खरे. २०१३मध्ये कर्नाटकात गुटख्यावर बंदी आली, २०२५मध्ये तंबाखू खरेदीची वयोमर्यादा अठरावरून एकवीस झाली. परंतु यांतील प्रत्येक पायरीसाठी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागला. पहिलीमुळे दुसरी आपोआप आली नाही. तंबाखूच्या लागवडीवर तर बंदी आलेली नाही.

मात्र प्रतिपक्षालाही आमचे सांगणे आहे. ‘हा तर्कदोष!’ एवढे ओरडून खाली बसणे हाही दोषच. युक्तिवाद चुकला, म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईची मजुरी खप घटल्यावर कशी भरून निघेल, हा प्रश्न घसरणीचा युक्तिवाद मोडल्यावरही शिल्लक राहतो. त्याचे उत्तर विषयाच्या बाजूने बोलणाऱ्यानेच दिले पाहिजे.

परीक्षकांनी गुण द्यावेत ते अशा उत्तराला. टाळ्यांना नव्हे.