वयाचा आकडा आणि माहितीचा हिशेब

अफझलगंजातील एखाद्या घरची मुलगी जपानी लिपी शिकत आहे आणि सरावासाठी तिला गूगल प्लेवरील एक जपानी अ‍ॅप हवे आहे, असे समजू. त्याच्या पानावर 「3 歳以上」, म्हणजे ‘तीन वर्षांवरील’, असे दिसताच पालक निर्धास्त होतात. परंतु निर्मात्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरणारा हा आकडा हिंसा, अश्लीलता, जुगार अशा आशयापुरताच बोलतो.

माहितीचा हिशेब त्याच पानावर 「データ セーフティ」 या भागात असतो. तेथे 「位置情報」, म्हणजे ठावठिकाणा, गोळा होतो असे आढळले, तर तपशील उघडून प्रयोजन पाहावे. अक्षरे गिरवण्यास ठावठिकाणा कशाला? प्रयोजनात 「広告」, म्हणजे जाहिरात, असेल तर उत्तर मिळाले. ‘इतरांना देत नाही’ हेही जपून वाचावे. निर्मात्यासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे माहिती गेल्यास तिला तेथे ‘देणे’ म्हणत नाहीत.

2022 पासून आलेला हा भाग निर्मात्याचेच निवेदन आहे. म्हणून अ‍ॅप घेतल्यावर ते जी परवानगी मागेल, ती या निवेदनाशी ताडून पाहावी. कामाशी संबंध दिसेना, तर नाकारावी.