विश्लेषण : कफ सिरपमुळे खेळाडूवर बंदी कशी येते? औषध घेण्याआधी काय तपासायचे?

वडखळ नाक्यावर, पेणमध्ये किंवा रोह्यात कोणत्याही मेडिकलमध्ये जाऊन ‘खोकल्याचे औषध द्या’ म्हटले की एक बाटली हातात पडते. घरातल्या इतर कोणासाठी त्यात वावगे काही नाही. पण घरात कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्स किंवा क्रिकेट खेळणारे कोणी असेल आणि त्याची निवड जिल्ह्याच्या पुढे होण्याची शक्यता असेल, तर त्याच बाटलीतला एक घटक बंदीला पुरेसा ठरू शकतो. भारताच्या संघातून कसोटी खेळलेल्या मुंबईच्या फलंदाजाबाबत हे घडले आहे.

पृथ्वी शॉ प्रकरणात काय झाले होते?

२२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली टी-२० स्पर्धेच्या वेळी पृथ्वी शॉच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन हे द्रव्य सापडले. खोकल्यासाठी सिरप घेतले होते, कामगिरी वाढवण्याचा हेतू नव्हता, असे त्याने सांगितले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने हे स्पष्टीकरण मान्य केले. तरीही आठ महिन्यांची बंदी आली. ती मागील तारखेपासून, म्हणजे १६ मार्चपासून १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत धरण्यात आली. त्या वेळी तो १९ वर्षांचा होता.

त्याआधी बडोद्याच्या युसूफ पठाणच्या बाबतीतही हेच द्रव्य सापडले होते. मार्च २०१७ मध्ये त्याचा नमुना घेतला गेला आणि पाच महिन्यांची बंदी आली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधात बंदी असलेले काहीही नव्हते, त्याऐवजी चुकून दुसरेच औषध दिले गेले, हे त्याचे म्हणणे मंडळाने मान्य केले होते.

दोघांचे म्हणणे खरे मानले गेले, तरी दोघांनाही शिक्षा झाली. कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा या नियमांचा पाया आहे. हेतू काय होता, निष्काळजीपणा किती होता, हे प्रश्न शिक्षा किती द्यायची हे ठरवताना येतात.

सिरपमधला नेमका कोणता घटक अडचणीचा?

खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये तीन-चार घटक एकत्र असतात. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन, ॲम्ब्रॉक्सॉल किंवा ग्वायफेनेसिन यांच्यावर बंदी नाही. कोरड्या खोकल्यासाठी दिले जाणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फनही चालते. अडचण त्यांच्यासोबत असलेल्या श्वासनलिका मोकळी करणाऱ्या घटकाची आहे. तो टर्ब्युटालिन, साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल यांपैकी एक असतो.

हे तिन्ही घटक ‘बीटा-२ ॲगोनिस्ट’ या गटात मोडतात. पोटातून मोठ्या मात्रेत घेतल्यास या गटातील औषधे स्नायू वाढवण्यास मदत करू शकतात. म्हणून जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, या गटावर स्पर्धेच्या दिवशीच नव्हे तर वर्षभर बंदी घातली आहे. ‘सामना पुढच्या महिन्यात आहे, आता घेतले तर काय होते’ हा हिशेब इथे चालत नाही. सराव शिबिरात घेतलेल्या नमुन्यात सापडले तरी तो नियमभंगच ठरतो.

सर्दीच्या गोळ्यांचे गणित थोडे वेगळे आहे. फेनिलेफ्रिन असलेल्या गोळीवर बंदी नाही. स्यूडोएफेड्रिनवर मात्र स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे. लघवीत त्याचे प्रमाण मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेले, तर तो नियमभंग होतो. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. त्यामुळे सामन्याच्या किमान २४ तास आधी स्यूडोएफेड्रिन थांबवावे, असा वाडाचा सल्ला आहे.

दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी काय करायचे?

पंपातून ओढलेले औषध थेट फुप्फुसात जाते आणि मात्रा फार कमी लागते. म्हणून काही पंपांना सूट आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपासाठी २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. एका दाबाला साधारण १०० मायक्रोग्रॅम मिळतात. म्हणजे ८ तासांत ६ दाब आणि दिवसभरात १६ दाब.

समजा, एखाद्या धावपटूने सकाळी सहा वाजता ६ दाब घेतले आणि दुपारी दोननंतर आणखी ६ घेतले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत त्याच्याकडे फक्त ४ दाब उरतात. रोज एवढी गरज पडत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ आहे आणि डॉक्टरांना दाखवायला हवे.

यात तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे ही सूट पंपाला आहे, साल्ब्युटामॉलच्या गोळीला किंवा सिरपला नाही. दुसरी, वाडाच्या यादीत लेव्होसाल्ब्युटामॉलचे नाव स्वतंत्रपणे आहे, पण सूट मिळालेल्या औषधांत ते नाही. पंपावर ‘लेव्हो’ लिहिले असेल, तर डॉक्टरांकडून साल्ब्युटामॉलचा पंप मिळू शकतो का ते विचारा. टर्ब्युटालिनच्या पंपालाही सूट नाही. तिसरी गोष्ट नेब्युलायझरची. दवाखान्यात वाफेतून दिल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका डोसात अनेकदा २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम औषध असते. दिवसाची मर्यादा एकाच वेळी ओलांडली जाते.

याचा अर्थ दम लागलेला असताना वाफ नाकारायची असा मुळीच नाही. आधी उपचार घ्यायचे, दवाखान्याचे कागद जपून ठेवायचे आणि लगेच वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करायचा. तातडीच्या उपचारांसाठी असा मागाहून अर्ज करता येतो. दम्याच्या झटक्यात दिली जाणारी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंदीखाली येते. पंपातून किंवा नाकात मारायच्या स्प्रेतून घेतलेल्या स्टेरॉइडवर बंदी नाही.

औषध आधी कसे तपासायचे?

समजा, वडखळच्या एका कबड्डीपटूला खोकला झाला आहे आणि पंधरा दिवसांनी राज्य स्पर्धेची निवड चाचणी आहे. त्याने बाटली उघडण्याआधी मागची बाजू वाचायची. तिथे ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ असे लिहून खाली घटकांची नावे असतात. पुढच्या बाजूवरचे मोठ्या अक्षरांतले नाव पुरेसे नसते. एकाच नावाच्या औषधापुढे प्लस, डी, एलएस अशी अक्षरे लावून वेगवेगळी औषधे विकली जातात आणि त्यांचे घटक वेगळे असतात.

समजा, त्या बाटलीवर प्रत्येक ५ मिलीमध्ये टर्ब्युटालिन सल्फेट १.२५ मिलिग्रॅम, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन असे लिहिले आहे. दहा मिली दिवसातून तीनदा घेतले, तर दिवसाला साडेसात मिलिग्रॅम टर्ब्युटालिन पोटात जाईल. या घटकासाठी कोणतीही सुरक्षित मर्यादा दिलेली नाही, त्यामुळे कमी घेऊन भागत नाही. बाटलीच बदलावी लागेल.

लेबल वाचल्यावर खात्री करण्यासाठी राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेचे, म्हणजे नाडाचे, Know Your Medicine हे मोफत ॲप आहे. त्यात औषधाचे किंवा घटकाचे नाव टाकून, बोलून किंवा फोटो काढून शोधता येते. फक्त ब्रँडवर न थांबता प्रत्येक घटक वेगळा शोधा. इंग्रजी स्पेलिंग लेबलवरूनच घ्या, उदाहरणार्थ Terbutaline, Levosalbutamol, Pseudoephedrine. उत्तराचा स्क्रीनशॉट, बाटलीचा फोटो आणि बिल एकत्र ठेवा. पुढे प्रश्न आलाच, तर आपण काळजी घेतली होती हे दाखवायला हेच कागद उपयोगी पडतात.

globaldro.com या संकेतस्थळावरही घटक शोधता येतो, पण त्यात भारतात विकले जाणारे ब्रँड नाहीत. कुठल्याही ठिकाणी नाव सापडले नाही, तर ‘चालते’ असा अर्थ काढू नका. वाडाची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचे उत्तर यंदा धरून चालू नका.

आयुर्वेदिक औषधालाही हाच नियम. दमा-खोकल्याच्या काही आयुर्वेदिक औषधांत सोमलता असते आणि तिच्यात एफेड्रिन असते. स्पर्धेच्या काळात एफेड्रिनवरही मर्यादा आहे.

शेवटची पायरी मेडिकलच्या काउंटरवरची आहे. डॉक्टरांना ‘मी खेळतो, माझी चाचणी होऊ शकते’ असे आधी सांगा. चिठ्ठीवरचे औषध नाही म्हणून दुसरे दिले, तर त्याचे लेबल पुन्हा पहिल्यापासून तपासा. युसूफ पठाणच्या प्रकरणात चूक चिठ्ठीत नव्हती, हातात आलेल्या औषधात होती.

हौशी खेळाडूंना हे नियम लागू होतात का?

गावच्या मैदानावरच्या कबड्डीत नमुना घ्यायला सहसा कोणी येत नाही. पण खेलो इंडियासारख्या स्पर्धांत नाडा चाचण्या घेते आणि तिथे पोहोचणारा खेळाडू गावच्या मैदानावरूनच येतो. नियमांत ‘हौशी खेळाडू’ असा वेगळा वर्ग आहे. गेल्या पाच वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेला खेळाडू त्यात बसत नाही.

या वर्गातील खेळाडूची चूक किरकोळ असेल, तर केवळ समज देऊन सोडता येते. जास्तीत जास्त दोन वर्षांची बंदी येऊ शकते. त्याचे नाव जाहीर करणे बंधनकारक नसते आणि उपचारासाठी घेतलेल्या औषधाची सवलत चाचणीनंतरही मागता येते. बाकीच्यांनी ही सवलत आधीच, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी नाडाकडे मागायची असते. दम्यासाठी अर्ज करताना श्वासाच्या चाचणीचा, म्हणजे स्पायरोमेट्रीचा, अहवाल आणि चालणारे दुसरे औषध का पुरत नाही याचे डॉक्टरांचे कारण जोडावे लागते. साध्या खोकल्यासाठी टर्ब्युटालिनची सवलत मिळणे कठीण, कारण चालणारी इतर सिरप उपलब्ध आहेत.

बाटली आधीच संपवली असेल तर?

औषध लगेच थांबवून डॉक्टरांकडून दुसरे घ्या. कोणते औषध, कधी आणि किती घेतले ते तारखेसह लिहून ठेवा. चाचणीच्या वेळी भरायच्या अर्जात मागील सात दिवसांतील औषधे विचारली जातात, तिथे हे नाव लपवू नका. नाव लिहिल्याने बंदी टळत नाही. पण नंतर ‘मी सिरप घेतले होते’ असे सांगायची वेळ आली, तर ते आधीच लिहिलेले असणे खेळाडूच्या बाजूने जाते.